एक नळ, तीन चुली

अमरावतीस ऊर्ध्व वर्धा धरणातून आणि अकोल्यास महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी येते. दोन्ही शहरांना ते दुरून आणावे लागते. तेव्हा ते जपून वापरले जावे, याबद्दल दुमत नाही. या हेतूने टप्पेवार दराची पद्धत पुढे येते. पहिले काही युनिट स्वस्त, त्यापुढील महाग आणि त्याहीपुढील अधिक महाग, असे तिचे स्वरूप आहे. गरजेपुरते पाणी गरिबास परवडावे आणि उधळपट्टी करणाराच्या खिशास चाट बसावी, हा विचार मुळात न्याय्य आहे. परंतु मीटर माणसे मोजीत नाही. तो केवळ पाणी मोजतो. सगळा घोटाळा येथेच आहे.

उदाहरणादाखल असे समजू, की पहिल्या १५ युनिटांस युनिटमागे १० रुपये, पुढील १० युनिटांस १५ रुपये आणि त्यावर २५ रुपये दर आहे. एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. बंगल्यातील चौघे माणशी रोज १२५ लिटर पाणी वापरतात. त्यांचे महिन्याचे १५ युनिट होतात व बिल १५० रुपये येते. शेजारच्या वस्तीत एकाच नळावर तीन चुली असून माणसे पंधरा आहेत. ती माणशी अवघे ६० लिटर पाणी वापरतात. तरी त्या नळाचे २७ युनिट होतात आणि बिल ३५० रुपये येते. हेच पाणी तीन स्वतंत्र नळांनी घेतले असते, तर प्रत्येक चुलीस ९० रुपये, म्हणजे एकूण २७० रुपयेच पडले असते. निम्म्याहून कमी पाणी वापरणाऱ्यांवर असा ८० रुपयांचा दंड बसतो, तो उधळपट्टीचा नव्हे, दाटीवाटीचा!

उलट, ज्याच्या आवारात स्वतःची कूपनलिका आहे, तो बागेस हवे तितके पाणी घालूनही नळाच्या स्वस्त टप्प्यातच राहतो. ज्याच्या घरी नळच नाही, त्यास तर या सवलतीचा थेंबही मिळत नाही. त्याने कूपनलिकेचा आधार घ्यावा म्हटले, तर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी पिण्याजोगे नसते.

टप्पे मोडीत काढावेत, असे आमचे म्हणणे नाही. सर्वांस एकच दर लावल्यास उधळपट्टीस मोकळे रान मिळेल. आमचे म्हणणे इतकेच, की नळ सामाईक असेल तेथे शिधापत्रिकांवरून चुली मोजाव्यात आणि स्वस्त टप्प्याची मर्यादा तितक्या पटींनी वाढवावी. वरील घरास ४५ युनिटांची मर्यादा मिळाली, तर त्याचे बिल आपोआप २७० रुपयांवर येईल. शिवाय नव्या जोडणीची रक्कम हप्त्यांनी घ्यावी, म्हणजे पुढे सामाईक नळाची वेळच येणार नाही. दर ठरविणारांनी नळाकडे पाहण्याआधी त्याखाली रांगेत लागलेल्या घागरी मोजाव्यात.