उधारी किती दिवसांनी वसूल होते?

इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. समजा, त्याची वर्षाची विक्री ८० लाख रुपये आहे. त्यातली २० लाखांची रोखीने आणि ६० लाखांची ४५ दिवसांच्या उधारीवर. १ एप्रिलला ग्राहकांकडून ८ लाख येणे होते, ३१ मार्चला ते १२ लाख झाले. ग्राहकांनी स्वीकारलेल्या हुंड्याही या रकमांत धरल्या आहेत.

ही वसुली वेळेवर होते का?

आरंभीची आणि अखेरची येणी मिळवून दोनने भागली की सरासरी १० लाख येते. उधार विक्रीचे ६० लाख या सरासरीने भागले की उत्तर ६. म्हणजे येणी वर्षात सहा वेळा फिरली. याला ऋणको उलाढाल गुणोत्तर म्हणतात. आता ३६५ दिवसांना ६ ने भागले की सरासरी वसुली कालावधी सुमारे ६१ दिवस निघतो. पैसे मुदतीपेक्षा सोळा दिवस उशिरा येत आहेत.

हमखास चूक होते ती एकूण विक्री धरण्यात. ८० लाखांना १० लाखांनी भागले तर गुणोत्तर ८ आणि कालावधी ४६ दिवस दिसतो. सारे आलबेल वाटते. पण रोख विक्रीत वसूल करण्यासारखे काही नसतेच.

दिवाळीत उधारी फुगून मार्चपर्यंत उतरत असेल, तर दोन टोकांची सरासरीही फसवते. अशा व्यवसायात दर महिनाअखेरच्या येण्यांची सरासरी घ्यावी. शिवाय ६१ ही सरासरी आहे. नेमके कोण थकले हे कळण्यासाठी ग्राहकवार थकबाकीची यादी तपासावीच लागते.