‘पासवर्ड उघड झाला’ म्हणजे नक्की काय झालं, आणि आधी काय बदलायचं?

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळीकडून आम्हाला एकाच प्रकारचे स्क्रीनशॉट येतात. पासवर्ड मॅनेजरने लाल रंगात लिहिलेलं असतं, अमुक पासवर्ड डेटा लीकमध्ये सापडला, ताबडतोब बदला. खाली कुणीतरी विचारलेलं असतं, “माझं अकाउंट हॅक झालं का?”

त्याआधी एक विनंती. असा स्क्रीनशॉट पाठवताना त्यातला ईमेल पत्ता आणि यूजरनेम झाका, आणि डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड दिसत असेल तर मुळीच पाठवू नका. शिवाय हा इशारा एसेमेस किंवा मेलमधून आला असेल तर त्यातली लिंक दाबू नका. मॅनेजर स्वतः उघडा. इशारा खरा असेल तर तो तिथंही दिसेल.

आता ‘उघड झाला’ याचा अर्थ बघू. कुठल्यातरी कंपनीतून चोरलेल्या याद्या इंटरनेटवर फिरत असतात. तुमचा पासवर्ड अशा एखाद्या यादीत सापडला, एवढंच मॅनेजर सांगतो. तुमच्या खात्यात कुणी शिरलं की नाही, हे त्याला माहीत नसतं. आणि काही मॅनेजर फक्त पासवर्ड तपासतात, तो कुणाचा हे बघत नाहीत. म्हणजे तोच पासवर्ड दुसऱ्या कुणी वापरला असेल आणि त्याचा लीक झाला असेल, तरी इशारा तुम्हाला येतो. तरीही तो पासवर्ड बाद समजायचा, कारण चोर याच याद्या घेऊन दारोदार कुलपं लावून बघतात.

दुसरा प्रकार असतो तो तुमचा ईमेल एखाद्या लीकमध्ये सापडल्याचा. इथं काय काय उघड झालं ते वाचायलाच हवं. आपल्याकडची दोन उदाहरणं घेऊ. २०२१ मध्ये डॉमिनोज इंडियाच्या ग्राहकांची माहिती बाहेर आली. तिच्यात नावं, फोन नंबर, पत्ते आणि ऑर्डरी होत्या. पत्ता काही बदलता येत नाही, त्यामुळे अशा वेळी पासवर्ड बदलून फारसा उपयोग नाही. सावध राहायचं ते फोनवर. समोरच्याला तुमची इमारत आणि मजला माहीत आहे, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. याउलट २०२० मध्ये बिगबास्केटच्या २ कोटींहून जास्त ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि तिच्यात पासवर्डही होते. ते हॅश केलेले होते.

हॅश म्हणजे काय, तर धान्याचं पीठ. पिठापासून पुन्हा दाणा करता येत नाही. पण चोर काय करतो, नेहमीचे लाखो पासवर्ड त्याच चक्कीतून दळतो आणि कुठलं पीठ जुळतं ते बघतो. नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड असा लवकर जुळतो. लांबलचक आणि मॅनेजरने तयार केलेला सहसा जुळत नाही. म्हणून ‘हॅश केले होते’ या वाक्यावर निर्धास्त होऊ नये.

खरा धोका मात्र एकच पासवर्ड दोन ठिकाणी असण्याचा. मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या सुमारे १ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली. कसं झालं ते कंपनीने पुढे स्वतः सांगितलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये 000webhost नावाच्या एका परक्याच वेबसाइटचे पासवर्ड लीक झाले होते, तेही हॅश न करता, जसेच्या तसे. त्या यादीत झोमॅटोच्या एका डेव्हलपरचं वैयक्तिक खातं होतं, आणि कंपनीचा कोड जिथं ठेवला होता त्या गिटहबवरही त्याचा तोच पासवर्ड होता. चोर कोडपर्यंत पोचला, कोड वाचून त्याने कच्चा दुवा शोधला आणि तिथून आत शिरला. मधे जवळजवळ दीड वर्ष गेलं होतं. म्हणून ‘लीक जुना आहे, सोडून द्या’ असं म्हणायची सोय नाही.

आता क्रम. समजा, मुलुंडच्या एका काकूंना बिगबास्केटच्या पासवर्डबद्दल इशारा आला. तोच पासवर्ड त्यांनी जीमेलला, आयआरसीटीसीला आणि महावितरणच्या बिलाच्या खात्यालाही ठेवलाय. बहुतेकजण इथं बिगबास्केटचा पासवर्ड बदलतात आणि मोकळे होतात. पण सुरुवात तिथून करायची नाही.

पहिलं, उपकरण. एकमेकांशी संबंध नसलेल्या, वेगवेगळे पासवर्ड असलेल्या बऱ्याच साइट्सचे इशारे एकदम आले, तर कॉम्प्युटरमध्येच पासवर्ड चोरणारा प्रोग्राम शिरल्याची शंका घ्यावी. त्या मशीनवर नवा पासवर्ड टाकलात तर तोही चोराला मिळेल. बदल दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून करा. काकूंना एकच इशारा आहे, त्यामुळे त्यांचा फोन चालेल.

दुसरं, ईमेल. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की बहुतेक साइट्सची लिंक ईमेलवर येते. म्हणजे ईमेल ही सगळ्या घरांच्या किल्ल्यांची पेटी. काकूंनी जीमेलला नवा, कुठंही न वापरलेला पासवर्ड द्यायचा. मग रिकव्हरीचा फोन आणि ईमेल आपलेच आहेत ना, हे बघायचं. लॉगिन असलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी फोन दिसला तर साइन आउट करायचं. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स जरूर तपासा. चोराने तिथं आपला पत्ता घालून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलूनही मेल त्याच्याकडे जात राहतात. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवायचे.

तिसरं, त्याच पासवर्डची बाकीची खाती. मॅनेजरमध्ये ‘पुन्हा वापरलेले पासवर्ड’ अशी वेगळी यादी असते, ती उघडा. ज्यात पैसे किंवा साठवलेलं कार्ड आहे ते आधी. काकूंच्या बाबतीत आयआरसीटीसी, मग महावितरण.

चौथं, इशाऱ्यात नाव असलेली साइट. बिगबास्केटचा पासवर्ड आता बदलायचा, आणि सोय असेल तर सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करायचं. पासवर्ड इतर कुठंच वापरला नसेल, तर मधल्या दोन पायऱ्या सोडून थेट इथं आलात तरी चालतं.

यात दोन गडबडी नेहमी होतात. एक, साइटवर पासवर्ड बदलला पण मॅनेजरमध्ये सेव्ह केला नाही. मॅनेजर आपल्याकडची नोंद तपासतो, म्हणून इशारा तसाच राहतो. दोन, इशारा नुसता ‘दुर्लक्ष करा’ म्हणून घालवला. लाल खूण जाते, पासवर्ड जुनाच राहतो. म्हणून शेवटी त्या साइटवर बाहेर पडून नव्या पासवर्डने पुन्हा लॉगिन करा, आणि जुना टाकून बघा. जुना चालायला नको.

आणि या दरम्यान खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. आधी बँकेला कळवा आणि १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतील का, हे तुम्ही किती लवकर फोन करता यावर ठरतं. पासवर्ड त्यानंतर बदला, आणि तेव्हाही सुरुवात ईमेलपासूनच.