बँड आवळला, पण बाजार खरंच निवला का?

शेअरचा भाव काही दिवस एकाच जागी घुटमळतो आणि मग एकाएकी कुठल्या तरी बाजूला सुटतो. सुटण्याआधीची ही शांतता मोजण्यासाठी अमेरिकी विश्लेषक जॉन बोलिंजर यांचे पट्टे वापरतात. तासाच्या चार्टवर ही शांतता टिपून अलर्ट देणं सोपं आहे. पण तो अलर्ट कधी फसवा असतो, हे ओळखायला शिकावं लागतं.

मांडणी अशी: शेवटच्या २० कॅंडलच्या बंद भावांची सरासरी काढायची, ही मधली रेघ. भाव या सरासरीपासून किती विखुरले आहेत ते प्रमाण विचलनाने मोजायचं आणि त्याच्या दुप्पट अंतरावर वर एक, खाली एक रेघ ओढायची. दोन्ही रेघांमधलं अंतर भागिले सरासरी म्हणजे बँडविड्थ. दिवसाच्या चार्टवर ही रुंदी सहा महिन्यांतल्या नीचांकाला आली की बोलिंजर त्याला स्क्वीझ म्हणतात.

तासाच्या चार्टवर सहा महिन्यांऐवजी मागच्या १२५ कॅंडल घेता येतात. आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणून दिवसाला सात कॅंडल पडतात. त्यातली शेवटची जेमतेम पंधरा मिनिटांची असते. म्हणजे १२५ कॅंडल हा साधारण अठरा दिवसांचा काळ झाला. पायथॉनमध्ये हे एवढंच:

```python
m = close.rolling(20).mean()
s = close.rolling(20).std(ddof=0)
w = 4 * s / m
low = w.shift(1).rolling(125).min()
new = w < low
alert = new & ~new.shift(1, fill_value=False)
```

`shift(1)` मुळे आताची रुंदी तिच्याआधीच्या १२५ रुंदींशी ताडली जाते. शेवटच्या ओळीमुळे रुंदी तासामागून तास घटत राहिली तरी अलर्ट पहिल्याच तासाला वाजतो. `close` मध्ये पूर्ण झालेल्या कॅंडलच घ्याव्यात. अर्धवट कॅंडलचा भाव दर मिनिटाला बदलतो, त्यामुळे सव्वादहाच्या आत वाजलेला अलर्ट सव्वादहाला खोटा ठरू शकतो.

आता फसगत कुठे होते ते पाहू. समजा, एक शेअर तीन आठवडे ४९० रुपयांच्या आसपास आहे. एक तास ४८९ला बंद, पुढचा ४९१ला. विचलन १ रुपया, पट्ट्यांमधलं अंतर ४ रुपये, रुंदी ०.८२ टक्के. सोमवारी सकाळी तो दहा रुपये वर उघडतो आणि तिथे पुन्हा तसाच, ४९९ आणि ५०१ यांच्या मध्ये, झुलू लागतो. मंगळवारी सव्वाबारापर्यंत वीसच्या खिडकीत दहा भाव जुने आणि दहा नवे असतात. रुंदी ४.१ टक्क्यांवर पोचते, जणू बाजारात वादळ उठलं आहे. बुधवारी सव्वादोनला खिडकीत एकच जुना भाव उरतो, रुंदी दोन टक्क्यांच्या आसपास. सव्वातीनला तोही बाहेर पडतो आणि रुंदी एकदम ०.८० होते. आधीच्या ०.८२ पेक्षा कमी, म्हणजे नवा नीचांक. अलर्ट वाजतो.

त्या तासात बाजारात काय घडलं? काहीच नाही. भाव सोमवारी झुलत होता तेवढाच बुधवारी झुलतो आहे. एक जुना आकडा खिडकीतून गळला म्हणून रुंदी कोसळली. आणि तीच चढउतार आता ४९० ऐवजी ५०० ने भागली जाते, म्हणून नीचांकही मोडला.

ओळखायची खूण सोपी आहे. अलर्ट वाजला की बरोबर वीस कॅंडल मागे पाहावं. तिथे मोठं गॅप असेल, तर संशय घ्यावा. मग प्रत्येक तासाच्या उच्चांक-नीचांकातला फरक तपासावा. गॅप दोन कॅंडलच्या मध्ये पडतं, त्यामुळे या मापात ते येत नाही. आपल्या उदाहरणात हा फरक गॅपच्या आधी आणि नंतर सारखाच निघेल, म्हणजे स्क्वीझ खोटा. खऱ्या स्क्वीझमध्ये बंद भाव ४९९.५० आणि ५००.५० इतके जवळ येतात, रुंदी ०.४० टक्क्यांवर उतरते आणि तासातली चढउतारही तिच्याबरोबर आकसते. शेवटची पंधरा मिनिटांची कॅंडल या तुलनेतून वगळावी. ती मुळातच छोटी असते. दोन्ही मापं एकत्र उतरली तरच अलर्ट पुढे जाऊ द्यावा, ही अट मी कायम ठेवतो.

खरा स्क्वीझही दिशा सांगत नाही. पट्टे आवळल्यावरची पहिली उसळी पुष्कळदा हुलकावणी असते, असा इशारा बोलिंजर यांनीच दिला आहे. भाव वरच्या पट्ट्याबाहेर डोकावतो आणि उलटा फिरून खाली सुटतो. म्हणून अलर्टचा अर्थ एवढाच घ्यावा की हा शेअर निवला आहे, आता त्याच्यावर नजर ठेवा. खरेदी-विक्रीचा निर्णय त्याच्या पुढच्या काही कॅंडल पाहूनच घ्यावा.