वासराचे दूध पाण्यावर ठरते

गाय विताना दगावली, कासदाह झाला म्हणून तिचे दूध पाजता येईना, किंवा वासरू गोऱ्हा निघाला आणि त्याच्यासाठी विकाऊ दूध काढून ठेवणे मालकाला परवडेना, तर गोठ्यात मिल्क रिप्लेसरची थैली येते. साय काढलेले दूध आणि दुधातून उरलेली निवळी वाळवून केलेली भुकटी, तिच्यात चरबी, जीवनसत्त्वे आणि क्षार. पाण्यात कालवली की दुधासारखी दिसते. मग महिनाभरात कानावर येते, ‘पावडर वासराला मानवली नाही, हगवण लागली.’ कधी पावडरच वाईट असते, हे खरे. पण बऱ्याच वेळा थैलीपेक्षा पाणी, बादली आणि घड्याळ यांनी घात केलेला असतो.

संकरित गाईंच्या पट्ट्यात गोऱ्ह्यांचा प्रश्न मोठा आहे. शेतीची कामे ट्रॅक्टरने होतात, होल्स्टीन रक्ताचा बैल उन्हात टिकत नाही आणि राज्यात 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून त्याच्या वाट्याला पातळ पांढरे पाणी येते. कालवडीला नीट आणि गोऱ्ह्याला उरलेसुरले, असा भेद मला मान्य नाही. गोऱ्हा ठेवायचाच असेल तर त्याच्या पोटातही तेच मिश्रण, त्याच मापाने जायला हवे.

सुरुवातीलाच एक मर्यादा सांगितली पाहिजे. रिप्लेसर हा चिकाला पर्याय नाही. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगांशी लढणारी प्रथिने जवळजवळ नसतात, ती चिकातून येतात आणि आतडे ती फक्त पहिला एखादा दिवस शोषू शकते. म्हणून जन्मल्यापासून दोन तासांच्या आत पहिला चीक पोटात जायला हवा, वासराच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. आई नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक मागून आणावा. रिप्लेसर सुरू करायचा तो तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, आणि तोही एकदम नाही. तीन-चार दिवस रोज दूध थोडे कमी आणि मिश्रण थोडे जास्त, अशा रीतीने.

आता एक प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, चार दिवसांचा 32 किलोचा गोऱ्हा आहे. चीक पुरेसा मिळाला, मग आई गेली. त्याला दिवसाला चार लिटर तयार मिश्रण द्यायचे, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. लिटरला 125 ग्रॅम भुकटी या मापाने प्रत्येक वेळेला 250 ग्रॅम. इथेच पहिली गल्लत होते. काही जण दोन लिटर पाणी घेऊन त्यात 250 ग्रॅम टाकतात. भुकटीलाही आकारमान असते, म्हणून मिश्रण दोन लिटरपेक्षा जास्त होते आणि वासराला दोन लिटर पाजून बाकीचे फेकले जाते. म्हणजे त्याच्या पोटात 250 ग्रॅम जातच नाही. आधी भुकटी मोजायची, थोड्या पाण्यात कालवायची आणि मग पाणी घालून एकूण दोन लिटरच्या खुणेपर्यंत आणायचे, ही बरोबर रीत. पिशवीवर निराळे माप दिले असेल तर तेच पाळा, पण ते ‘लिटर पाण्याला’ आहे की ‘लिटर तयार मिश्रणाला’, हे नीट वाचा.

भुकटी वाटीने मोजू नये. थैलीच्या वरची भुकटी मोकळी असते, तळाशी दाबलेली, पावसाळ्यात ओल धरलेली. तीच वाटी एकदा कमी भरते, एकदा जास्त. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा इथे फार उपयोगी पडतो.

तापमान हा सगळ्यात नाजूक भाग. भुकटीतली चरबी घट्ट असते, ती विरघळून पाण्यात सारखी पसरावी म्हणून कालवताना पाणी साधारण 45 ते 50 अंश सेल्सिअस हवे. गार पाण्यात गुठळ्या होतात आणि वर तवंग येतो. भुकटी थेट उकळत्या पाण्यात टाकली तर निवळीतली प्रथिने बिघडतात, चरबी सुटते आणि पचन अवघड होते. पाजताना मात्र मिश्रण 39 ते 40 अंशांवर हवे, म्हणजे वासराच्या अंगाच्या तापमानाइतके. कालवण्याचे आणि पाजण्याचे तापमान वेगळे आहे, हे ज्याने पक्के केले त्याचे अर्धे काम झाले.

हे गोठ्यात करायचे कसे? नळाचे किंवा बोअरचे पाणी उकळा. एक माप उकळते पाणी आणि दोन मापे उकळून थंड केलेले, साधारण 25 अंशांचे पाणी एकत्र केले की सुमारे 48-49 अंश होतात. थंडीत साधे पाणीच 15 अंशांवर उतरते, तेव्हा दोनऐवजी दीड माप पुरते. थर्मामीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही. खरे तर तो असायलाच हवा, कारण हात लावून ओळखण्यात ऋतू आणि थकवा दोन्ही दगा देतात. असे एक लिटर पाणी बादलीत घेऊन त्यावर 250 ग्रॅम भुकटी भुरभुरत टाका, स्टीलच्या व्हिस्कने दोन-तीन मिनिटे फेटा. लाकडी रवी वापरू नका, तिच्या चिरांत दूध अडकते आणि कितीही धुतली तरी निघत नाही. मग उरलेले, हाताला जेमतेम कोमट लागणारे पाणी घालून दोन लिटरची खूण गाठा. मिश्रण 41 अंशांच्या आसपास येते आणि वासरापर्यंत पोहोचेतो 40 होते. पाच-सहा वासरे असतील तर एकदम मोठी बादली कालवू नका. शेवटच्याची पाळी येईपर्यंत ते गार होते.

गार मिश्रण वासरू रडतखडत पिते, आणि त्याला अंगाची ऊर्जा ते तापवण्यात घालावी लागते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पोटात घडते. वासराचे पोट चार कप्प्यांचे. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध पहिला कप्पा टाळून थेट चौथ्यात जाते. चोखण्याची हालचाल, ओळखीची वेळ आणि ओळखीची ऊब यांनी ही पन्हळ नीट मिटते. तिने काम केले नाही की दूध पहिल्या कप्प्यात पडून आंबते. वासराचे पोट डावीकडे फुगते, शेण राखाडी आणि चिकट होते, वाढ खुंटते. म्हणून निपल वासराच्या खांद्याच्या उंचीवर, मान थोडी वर ताणता येईल असा बांधावा. निपलचे भोक लवकर पिऊन व्हावे म्हणून मोठे करू नये. आणि जे वासरू पीत नाही त्याला बांबूच्या नळकांड्याने ओतून पाजू नये. ते दूध फुप्फुसात गेले तर न्यूमोनियाने वासरू जाते. पीत नाही, म्हणजे त्याला काहीतरी झाले आहे.

आणखी एक सवय थांबवायला हवी. रिप्लेसर संपला की चहाचे गोड डेअरी व्हायटनर कालवून पाजतात, किंवा मिश्रणात गूळ टाकतात. माणसाला साखर पचते, कारण ती फोडणारा रस आपल्या आतड्यात असतो. वासराच्या आतड्यात तो नसतो. त्यामुळे साखर न पचता खालच्या आतड्यात आंबते आणि हगवण लागते. वासरू अशक्त आहे म्हणून दिलेला गूळ त्याला आणखी अशक्त करतो. थैली निवडतानाही घटकांची यादी वाचा. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला सोयाबीनची प्रथिने नीट पचत नाहीत. दुधातली प्रथिने असलेली भुकटी महाग पडली तरी सुरुवातीला तीच हवी.

बादली धुण्याचा क्रम लोकांना उलटा वाटतो. दूध पाजून झाले की आधी कोमट पाण्याने विसळायचे, कडक गरम पाण्याने नाही. गरम पाण्याने प्रथिने भांड्याला चिकटून बसतात आणि त्यांचा न दिसणारा थर जंतूंचे घर होतो. कोमट विसळणीनंतर कडक गरम पाणी, सोडा आणि ब्रशने घासणे, निपल उलटा करून आतून घासणे, परत विसळणे, आणि बादली उपडी घालून उन्हात वाळवणे. बादलीला बोट लावल्यावर निसरडे लागले तर ती स्वच्छ झालेली नाही. चिरलेला निपल टाकून द्यावा, कारण चिरेत ब्रश पोहोचत नाही. उरलेले मिश्रण दुसऱ्या वेळेला वापरू नये. आणि आजारी वासराला सर्वांत शेवटी पाजावे, त्याची बादली वेगळी ठेवून.

घड्याळाचे म्हणाल तर सकाळ-संध्याकाळच्या धारेची वेळच वासराची वेळ ठेवणे सोपे, साधारण 12 तासांच्या अंतराने. दीड तास मागेपुढे करण्याची सवय वासराला झेपत नाही, ते भुकेने अधाशी पिते. पाण्याची बादली दिवसभर समोर असावी. मिश्रणात पाणी आहेच, असे म्हणून ते टाळू नका. खुराक खाल्ल्यावर पोटात तो आंबायला हेच वेगळे प्यायलेले पाणी लागते. पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून दूध संपताच तोंडात चिमूटभर खुराक द्यावा. आपला गोऱ्हा सातव्या-आठव्या आठवड्यात, सलग तीन दिवस दररोज किलोभर खुराक खाऊ लागला, की एक वेळचे दूध बंद करावे आणि आठवड्याभराने दुसऱ्या वेळचे. वय झाले म्हणून नव्हे, खुराक खातो म्हणून. तोवर त्याला सुमारे 25 किलो भुकटी लागलेली असेल.

हगवण लागलीच तर दूध बंद करणे हा जुना उपाय वासराला उपाशी मारतो. मिश्रण नेहमीच्याच प्रमाणात द्यावे, आणि दोन वेळांच्या मधल्या तासांत वासरांसाठीचे क्षारपाणी वेगळे पाजावे, मिश्रणात कालवून नाही. मानेची कातडी चिमटीत ओढून सोडल्यावर दोन सेकंदांत बसली नाही, डोळे खोल गेले, कान गार पडले, किंवा तोंडात घातलेले बोट वासरू चोखेना, तर क्षारपाण्यावर भागत नाही. तासाभराचाही उशीर न करता पशुवैद्यकाला बोलवा.

पुढची थैली आणण्याआधी एक थर्मामीटर आणि एक वजनकाटा घ्या, आणि गोठ्यात दूध कालवणाऱ्याच्या हाताशी टांगून ठेवा.