शंकूतला एक तृतीयांश येतो कुठून?

दहावीच्या भूमितीत 'महत्त्वमापन' नावाचं प्रकरण आहे. त्यात दोन सूत्रं पाठ करावी लागतात. शंकूचं घनफळ तितक्याच तळाच्या आणि तितक्याच उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश, आणि गोलाचं घनफळ त्रिज्येच्या घनाला π ने आणि चार तृतीयांशाने गुणून येणारं. उत्साही शिक्षक पुठ्ठ्याचा शंकू वाळूने तीनदा भरून डब्यात ओततात आणि डबा भरतो. प्रयोग छान असतो, पण त्यातून एवढंच कळतं की आकडा तीनच्या आसपास आहे. तो २.९ किंवा ३.१ का नाही, हे वाळू सांगत नाही.

आणि खरं तर सहज सुचणारं उत्तर तीन नव्हेच. आयताच्या तळावर तितक्याच उंचीचा त्रिकोण काढला तर तो आयताचा निम्मा भरतो. मग वृत्तचितीत बसवलेला शंकूही निम्माच का नसावा? हा प्रश्न बाळबोध नाही. इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त त्रिकोणी तळाच्या सूचीचं घनफळ सांगणारा श्लोक आहे, आणि त्याचा सरळ अर्थ लावला तर तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, त्याच्या निम्मं, असाच निघतो. पुढे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये एक तृतीयांश हे बरोबर प्रमाण दिलं. निम्मं आणि एक तृतीयांश यांतला फरक कुठे पडतो, ते शंकू कापून पाहिलं की दिसतं.

तळाची त्रिज्या ६ सेंटिमीटर आणि उंची १२ सेंटिमीटर असलेला एक शंकू घेऊ. टोकापासून खाली मोजत गेलं तर कुठल्याही ठिकाणी त्याची त्रिज्या तिथवरच्या अंतराच्या निम्मी असते. आता तो आडवा कापून एकेक सेंटिमीटर जाडीच्या बारा चकत्या करू. प्रत्येक चकतीची कड तिरकी आहे, ती मोजायला अवघड. म्हणून दोन सोप्या चकत्या घेऊ, दोन्हींच्या कडा सरळ उभ्या. एक बाहेरून झाकणारी, खऱ्या चकतीपेक्षा थोडी मोठी. दुसरी आत मावणारी, थोडी लहान.

बाहेरच्या चकत्यांच्या त्रिज्या ०.५, १, १.५ अशा वाढत ६ पर्यंत जातात. घनफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे १ पासून १२ पर्यंतच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज करावी लागते. ती ६५० येते, तिला चाराने भागून १६२.५π घन सेंटिमीटर. आतल्या चकत्यांची बेरीज १२६.५π. खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. अंतर बरंच आहे, ३६π, पण ते कुठून आलं बघा. प्रत्येक आतली चकती ही तिच्या वरच्या बाहेरच्या चकतीएवढीच आहे. त्यामुळे दोन्ही बेरजांत फरक उरतो तो फक्त बाहेरच्या सर्वांत खालच्या, तळाच्या चकतीचा.

सगळी किल्ली इथे आहे. चकत्या एक मिलिमीटरच्या केल्या, म्हणजे १२० केल्या, तर तळाची चकतीही दहापट पातळ होते आणि फरक ३.६π वर येतो. बाहेरची बेरीज १४५.८०५π, आतली १४२.२०५π. चकत्या १२०० केल्या तर फरक ०.३६π. चिमटा हवा तेवढा घट्ट करता येतो, आणि त्यात सापडून राहते ती एकच संख्या, १४४π. वृत्तचितीचं घनफळ ४३२π. बरोबर एक तृतीयांश, 'सुमारे' नाही.

म्हणजे तीन येतात ते वर्गांच्या बेरजेतून. चकत्यांची क्षेत्रफळं १, २, ३ अशी सरळ वाढली असती तर बेरीज निम्म्याकडे गेली असती. त्रिकोणात तसंच होतं, कारण तिथे फक्त रुंदी वाढते. शंकूत चकती दोन्ही दिशांनी वाढते, क्षेत्रफळं १, ४, ९, १६ अशी जातात, टोकाकडचा भाग फारच किरकोळ राहतो आणि निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा उरतो. गंमत अशी की वर्गांच्या बेरजेचं अचूक सूत्र त्याच 'आर्यभटीया'त आहे!

बारावीत ही अख्खी खटपट एका ओळीत लिहितात:

∫₀¹² π(x/2)² dx = (π/4) × (12³/3) = 144π

लाइब्निट्सने १६७५ मध्ये वापरात आणलेलं ते लांबट चिन्ह म्हणजे बेरजेचा S. आत चकतीचं क्षेत्रफळ, dx ही तिची जाडी, आणि खाली-वर कुठपासून कुठपर्यंत ते. x² चं संकलन x³/3 होतं, तिथला तीन हाच आपला तीन.

इथे एक खड्डा आहे, त्यात पुष्कळ हुशार मुलं पडतात. चकत्यांनी घनफळ मिळतं, तर त्यांच्या उभ्या कडांची बेरीज करून शंकूचं वक्रपृष्ठफळही मिळेल, असं वाटतं. करून पाहिलं तर ७२π येतं. खरं उत्तर तिरक्या उंचीवरून काढतात. ती इथे सुमारे १३.४ आहे, म्हणून पृष्ठफळ सुमारे ८०.५π. चकत्या कितीही पातळ करा, ही तूट जात नाही, कारण तिरक्या पट्टीऐवजी आपण दर वेळी उभी पट्टी मोजतो आणि प्रत्येक पट्टी त्याच प्रमाणात आखूड पडते. घनफळातली चूक तळाच्या एका चकतीत मावत होती. ही चूक प्रत्येक चकतीत आहे. पद्धत लावण्याआधी चूक आटते की नाही ते तपासायचं, ते यासाठी.

आता गोल. ६ सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धगोल सपाट बाजूवर ठेवू. तळापासून x उंचीवर कापलं तर पायथागोरसच्या प्रमेयाने चकतीच्या त्रिज्येचा वर्ग ३६ − x² येतो, म्हणून क्षेत्रफळ ३६π − πx². पहिला भाग उंचीप्रमाणे बदलतच नाही, म्हणजे तो ६ उंचीच्या वृत्तचितीचा. तिचं घनफळ २१६π. वजा होणारा भाग x च्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो शंकूचा, टोक खाली असलेल्या. त्याचा तिसरा हिस्सा ७२π. उरले १४४π, आणि पूर्ण गोलाचे २८८π. सूत्रातले चार तृतीयांश असे आले: एकातून एक तृतीयांश गेला, दोन तृतीयांश उरले, त्यांची दुप्पट.

गोल आणि त्याला नेमकी झाकणारी वृत्तचिती यांचं प्रमाण २:३ असल्याचं सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केलं. त्याला ते इतकं प्रिय होतं की थडग्यावर याच दोन आकृत्या कोरल्या गेल्या. इ. स. पू. ७५ मध्ये सिसेरोने झुडपांत हरवलेलं ते थडगं त्या आकृत्यांवरूनच ओळखलं.

सूत्र पाठ असलं की संकलन कशाला, असं विचारणाऱ्यांना एक भांडं दाखवावं. ६ सेंटिमीटर त्रिज्येची अर्धगोल वाटी बरोबर निम्म्या खोलीपर्यंत, म्हणजे ३ सेंटिमीटर भरली, तर तिच्यात किती पाणी असेल? पाठ केलेलं सूत्र इथे गप्प बसतं, चकत्या बसत नाहीत. ३६π − πx² याचं संकलन ० ते ६ ऐवजी ३ ते ६ करायचं, एवढंच: १०८π − ६३π, म्हणजे ४५π. निम्म्या खोलीपर्यंत भरलेल्या वाटीत पूर्ण वाटीच्या फक्त ३१.२५ टक्के पाणी असतं.