बिलातली कराची ओळ आणि तिच्या खालचे आकडे

मालाच्या बिलात एक ओळ असते. तिच्या वर मालाची किंमत, खाली जीएसटी. सूट, पॅकिंग किंवा गाडीभाडे या ओळीच्या वर आले की खाली, यावर कराचा आकडा ठरतो. व्यापाऱ्यांचे हिशेब बहुधा इथेच चुकतात, कारण पुष्कळांच्या मनात एक जुना समज असतो : कर मालावर असतो, भाड्यावर आणि खोक्यावर कशाला?

कोल्हापूरचा एक कारखानदार रत्नागिरीच्या दुकानदाराला लोखंडी कपाटे विकतो, असे समजू. व्यवहार काल्पनिक आहे, पण अशी बिले रोज फाटतात. वीस कपाटे, छापील दर प्रत्येकी १५,००० रुपये, म्हणजे ३,००,००० रुपये. दुकानदार नेहमीचा, म्हणून १५ टक्के व्यापारी सूट. पुठ्ठा आणि फोमच्या वेष्टणाचे नगामागे २०० रुपये. माल रत्नागिरीच्या दुकानात पोहोचवायचे ठरलेले, त्याचे भाडे ८,००० रुपये. शिवाय दहा दिवसांत पैसे दिले, तर मालाच्या किमतीवर २ टक्के रोख सूट. बाजारात तिला ‘सीडी’ म्हणतात.

व्यापारी सूट सगळ्यात सरळ. माल देतानाच ती ठरलेली असते आणि बिलात दिसते, म्हणून ४५,००० रुपये वजा होतात आणि २,५५,००० उरतात. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १५ ची अट एवढीच, की पुरवठ्याच्या आधी किंवा त्या वेळी दिलेली सूट बिलात नीट नोंदलेली असावी. बिल पूर्ण दराने फाडून सूट वेगळ्या चिठ्ठीवर किंवा फोनवर सांगितली, तर ती या सोप्या वाटेने वजा होत नाही.

आता पॅकिंग. तेच कलम सांगते, की माल देण्याआधी किंवा देताना पुरवठादाराने केलेल्या कामाचे जे पैसे तो ग्राहकाकडून घेतो, ते मूल्यात धरायचे. कमिशन आणि पॅकिंग यांची नावेच त्यात घातली आहेत. म्हणून नगामागे २०० प्रमाणे ४,००० रुपये मिळवायचे. हमालीचेही तसेच. परत घेण्याच्या बोलीवर क्रेटसाठी ठेवलेली अनामत मात्र निराळी. ती क्रेट परत आल्यावर परत करायची असते, त्यामुळे ती किमतीपोटी वळती करून घेईपर्यंत तिच्यावर कर नाही.

सर्वांत जास्त वाद भाड्याचे. कारखानदाराने माल दुकानापर्यंत पोहोचवायचे कबूल केले आहे, तेव्हा वाहतूक हा कपाटे विकण्याचाच भाग झाला. ८,००० रुपये मूल्यात येतात आणि त्यांना कपाटांचाच १८ टक्के दर लागतो. भाडे बिलात वेगळ्या ओळीत दाखवले किंवा त्याची स्वतंत्र पावती फाडली, म्हणून ते सुटत नाही. ‘वाहतुकीला पाच टक्के ना?’ हा प्रश्न इथे लागू पडत नाही, कारण दुकानदार वाहतूक विकत घेत नाही, घरपोच कपाट विकत घेतो.

बोली कारखान्याच्या फाटकावरच्या किमतीची असेल आणि दुकानदाराने स्वतःचा टेम्पो पाठवला असेल, तर ते भाडे कारखानदाराच्या बिलात येतच नाही. त्या वाहतुकीचा कर दुकानदार आणि गाडीवाला यांच्यातला मामला. पण एक फसवी स्थिती आहे. बोली पोच मालाची असते, तरी बिल्टी ‘टू पे’ असते, म्हणजे माल उतरवून घेताना भाडे दुकानदार भरतो आणि ते बिलातून वजा करतो. कागदावर कारखानदाराने भाडे भरलेच नाही असे दिसते. तरी देणे त्याचेच होते, दुसऱ्याने चुकते केले इतकेच. कायदा ते मूल्यात धरतो. हा युक्तिवाद विक्रीकराच्या काळातही झाला होता. १९७८ मध्ये हिंदुस्थान शुगर मिल्सच्या सिमेंटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराने भरून बिलातून वजा केलेले रेल्वेभाडे विक्रीकिमतीचाच भाग मानले. कायदा बदलला, पण व्यापाऱ्याची ही आशा काही गेली नाही.

तेव्हा २,५५,००० अधिक ४,००० अधिक ८,००० म्हणजे करपात्र मूल्य २,६७,००० रुपये. १८ टक्क्यांनी कर ४८,०६० आणि बिल ३,१५,०६० रुपयांचे. पॅकिंग आणि भाडे कराच्या ओळीखाली ढकलले असते, तर कर २,१६० रुपयांनी कमी दिसला असता. तपासणीत तो व्याजासह निघतो.

राहिली सीडी. बिल फाडताना दुकानदार दहा दिवसांत पैसे देईल की नाही, हे कोणालाच माहीत नसते, म्हणून बिलात तिची अट लिहायची आणि कर पूर्ण २,६७,००० वरच लावायचा. समजा, आठव्या दिवशी पैसे आले. सूट झाली ५,१०० रुपये. ती देण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिलीत कारखानदार फक्त ५,१०० ची व्यापारी क्रेडिट नोट देतो, कराला हात लावत नाही. दुकानदार ३,०९,९६० भरतो आणि ४८,०६० रुपयांची पूर्ण वजावट घेतो. दुसरीत जीएसटीची क्रेडिट नोट निघते, ५,१०० वर ९१८ रुपये करही परत. दुकानदार ३,०९,०४२ भरतो, पण घेतलेल्या वजावटीतून ९१८ माघारी फिरवतो. कारखानदाराच्या हाती कर भरून दोन्हीत २,६१,९०० उरतात. दुकानदाराचा खराखुरा खर्चही तितकाच. जिथे दोन्ही बाजू नोंदणीकृत आहेत आणि वजावट पूर्ण मिळते, तिथे या ९१८ रुपयांसाठी भांडण्यात अर्थ नाही. पहिली वाट कागद कमी करते. गिऱ्हाईक घरगुती असेल किंवा कंपोझिशन योजनेतला दुकानदार असेल, तर मात्र ते ९१८ त्याच्या खिशातून जातात, कारण त्याला वजावटच नाही.

दुसऱ्या वाटेला आणखी एक कुंपण आहे. पुरवठ्यानंतरची सूट मूल्यातून वजा करायची, तर ती विक्रीच्या आधीच्या करारात ठरलेली असावी, ठरावीक बिलाशी जोडता यावी आणि खरेदीदाराने वजावट परत केलेली असावी, असे कलम १५ मध्ये लिहिले गेले. सीडी हे सगळे सहज पाळते, कारण अट बिलावरच असते. अडते ती वर्षअखेरची ‘खूश होऊन दिलेली’ सूट. सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत जीएसटी परिषदेने आधीच्या कराराची आणि बिलाशी जोडणीची अट काढून टाकावी, अशी शिफारस केली. शिफारस आणि लागू झालेली दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी असतात, म्हणून जुन्या बिलांना त्या काळात लागू असलेलाच नियम लावावा.

पैसे उशिरा आले, तर उलटे होते. कारखानदाराने उशिराचे व्याज घेतले, तर तेही मूल्यात मिळते. बिलातच २ टक्के कमी लावून टाकले आणि मुदत उलटल्यावर ते वसूल केले, तर त्या ५,१०० रुपयांची करासह डेबिट नोट काढावी लागते.