विहिरीच्या पाण्याने खाल्लेला साबण

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या प्रकल्पासाठी भाचीने ओट्यावर तीन बाटल्या मांडल्या होत्या: पुण्यातल्या घरचं नळाचं पाणी, गावच्या विहिरीचं पाणी आणि तेच विहिरीचं पाणी उकळून. विषय जुनाच, कुठल्या पाण्यात साबणाचा फेस किती होतो ते पाहायचं. तिने हँडवॉशचे चार-चार थेंब टाकून बाटल्या हलवल्या. तिन्हींत सारखाच फेस आला आणि ती हिरमुसली.

चूक पाण्याची नव्हती. हँडवॉश बहुधा साबण नसतो, डिटर्जंट असतो आणि तो जड पाण्यातही फेसाळतो. इथे हवा खरा, तेल आणि कॉस्टिकपासून बनलेला साधा धुण्याचा साबण. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या साबणाला पकडतं आणि त्याचा न विरघळणारा पांढरट साका करतं. बादलीच्या कडेला चिकटतो तोच. ही दोन्ही मूलद्रव्यं संपेपर्यंत टिकाऊ फेस येतच नाही. म्हणून मोजायचं ते फेसाची उंची नव्हे, तर फेस टिकेपर्यंत किती साबण लागला ते. पाठ्यपुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात. शब्द कानाला कडू, पण अगदी चपखल.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. साबण किसून त्यातला 1 ग्रॅम 100 मिली कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला. ब्युरेट घरी कुठून असणार? औषधाच्या दुकानातली 10 मिलीची बिनसुईची सिरिंज घेतली. झाकणाच्या बाटलीत 50 मिली पाणी घ्यायचं, साबणाचं पाणी अर्धा-अर्धा मिली घालायचं, दर वेळी जोरात हलवायचं आणि बाटली आडवी ठेवायची. फेस दोन मिनिटं टिकला की थांबायचं. मॅग्नेशियम जास्त असेल तर मध्येच एक फसवा फेस येतो, म्हणून टिकलेल्या फेसानंतरही आणखी अर्धा मिली घालून तो उतरत नाही ना, हे पाहायचं.

आधी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यालाच 1 मिली लागला. फेस यायला एवढा साबण हवाच, त्यामुळे तो प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. नळाच्या पाण्याला 3.5 मिली लागले, विहिरीच्या पाण्याला 14. एकदा भरलेली सिरिंज पुरली नाही. वजाबाकी करून अडीच आणि तेरा, म्हणजे पाचपटीहून जास्त फरक.

असं का, ते जमिनीला विचारायचं. नळाचं पाणी धरणातलं, बरंचसं पावसाचंच. विहिरीचं पाणी काळ्या कातळातून आणि चुनखडीचे खडे असलेल्या मातीतून झिरपत येतं. मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो आणि तेच पाणी वाटेतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात उचलतं.

उकळलेल्या पाण्याने मात्र आम्हाला चकवलं. वजाबाकीनंतर साडेसात मिली. म्हणजे जडपणा पुरता निम्माही गेला नव्हता. भाची वहीत लिहिणार, तेवढ्यात मी विचारलं, ‘‘गॅसवर किती ठेवलं होतंस?’’

‘‘300 मिली, मामा.’’

‘‘आणि उतरवलंस तेव्हा?’’

तिने मोजलं तर 200. वाफ एकटी जाते, क्षार मागे राहतात. पाणी आटल्यामुळे उरलेला जडपणा दीडपट दाट झाला होता. डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा 300 केलं, पूर्ण गार होऊ दिलं, तळाचा गाळ न ढवळता वरचं पाणी गाळून घेतलं. या वेळी आकडा आला 5. म्हणजे तेरापैकी आठ मिलीचा जडपणा उकळल्याने गेला. हा तात्पुरता, बायकार्बोनेटचा. उरलेला प्रामुख्याने सल्फेट-क्लोराइडचा, तो कितीही उकळा, जात नाही. थोडं कार्बोनेटही पाण्यात विरघळलेलंच राहतं, त्यामुळे ही वाटणी काटेकोर धरू नये.

कॉलेजच्या सरांनी दिलेल्या, लिटरला 200 मिलिग्रॅम जडपणाच्या नमुन्याला वजा जाता 6.5 मिली लागले. त्या हिशेबाने विहीर 400 वर गेली, नळ 77 च्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत चांगलं मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. सिरिंजने अर्ध्या मिलीची चूक सहज होते, म्हणून 77 म्हणजे 60 ते 95 मधलं काहीतरी समजावं. नेमकं हवं असेल तर प्रयोगशाळेत ईडीटीए वापरतात.

पण 400 चा घरगुती अर्थ बाईमाणसांना आकड्याविना ठाऊक असतो. 20 लिटरच्या बादलीत फेस धरण्याआधीच सुमारे 50 ग्रॅम शुद्ध साबण साक्यात जातो. आईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘‘गावाला वडी पुरायची नाही आणि डाळ शिजायची नाही, तेव्हा कोणी हिशेब केला नाही.’’

पातेलं घासायला घेण्याआधी भाचीने बुडाच्या पांढऱ्या पुटावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे उठले आणि पुट विरत गेलं.